मॉडेलच्या मजकुरावर पुढचं मॉडेल शिकवलं तर नेमकं काय हरवतं?

अक्षरवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एका छोट्या भाषा-मॉडेलसाठी माणसांनी लिहिलेली साधारण २ लाख वाक्यं हाताशी आहेत. विषय मर्यादित असला तरी शब्द खूप पसरलेले आहेत. कित्येक शब्द तर सगळ्या साठ्यात मिळून पाच-सहा वेळाच येतात.

योजना अशी आहे: या २ लाखांवर पहिलं मॉडेल शिकवायचं, त्याच्याकडून १० लाख वाक्यं लिहून घ्यायची, त्यांवर दुसरं मॉडेल शिकवायचं, मग दुसऱ्याकडून पुन्हा १० लाख, असे चार-पाच फेरे. वाक्यं नीटनेटकी यावीत म्हणून `temperature` ०.८ ठेवणार आहोत.

अशा फेऱ्यांत मॉडेल ‘कोसळतं’ असं वाचलं, पण कोसळतं म्हणजे नेमकं काय होतं ते कुठेच स्पष्ट सापडेना. मूळ २ लाख वाक्यं प्रत्येक फेरीत सोबत ठेवली तर पुरेल का? आणि बिघाड सुरू झाला आहे हे कशावरून ओळखायचं?

---

पानगळ

हा गॅन, म्हणजे चित्रं बनवणारी मॉडेलं, शिकवणाऱ्यांचा जुना त्रास आहे. जनरेटर चार-दोन चित्रांवर अडकतो आणि तीच पुन्हा पुन्हा काढत बसतो. लर्निंग रेट कमी करा, बॅच मोठी घ्या. बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं.

---

मोजपट्टी

पानगळ, तुम्ही म्हणताय तो मोड कोलॅप्स. शेवटचं दृश्य सारखं दिसतं म्हणून दोन्हींची गल्लत होते, पण मूळ वेगळं आहे. गॅनमधला बिघाड एकाच प्रशिक्षणाच्या आत होतो आणि लर्निंग रेट वगैरेंनी त्याच्यावर उपाय करता येतो. इथे प्रत्येक पिढीचं प्रशिक्षण आपापल्या जागी अगदी व्यवस्थित पार पडतं. लॉस उतरतो, आलेख छान दिसतो. नुकसान होतं ते दोन पिढ्यांच्या मधल्या सांध्यात, म्हणजे पहिल्या मॉडेलने लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती जातं त्या क्षणी.

अक्षरवेल, तुमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. क्षणभर मॉडेल बाजूला ठेवू आणि नुसते शब्द मोजू. समजा एखादा शब्द इतका दुर्मीळ आहे की मजकुराच्या एका साठ्यात तो सरासरी एकदा येतो. सरासरी एकदा म्हणजे दर खेपेला नेमका एकदा नव्हे. कधी दोनदा येईल, कधी तीनदा, आणि कधी येणारच नाही. न येण्याची शक्यता जवळपास ३७ टक्के. पुढची पिढी त्या साठ्यावरच शिकणार असेल, तर तिच्यासाठी तो शब्द अस्तित्वातच नाही. आणि जो शब्द तिला माहीत नाही तो ती लिहिणार नाही, त्यामुळे तिसऱ्या पिढीलाही तो मिळणार नाही. शून्यावर गेलेला शब्द परत येत नाही, हे सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे.

हाच हिशोब पुढे नेला तर सरासरी एकदा येणारा शब्द दहा पिढ्यांत नाहीसा होण्याची शक्यता ८४ टक्के होते. पाच वेळा येणारा शब्द एका पिढीत जाण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण दहा पिढ्यांत तोही ४२ टक्के शक्यतेने गेलेला असतो. लोकसंख्याशास्त्रात आडनावं नामशेष होण्याचा आणि आनुवंशिकीत छोट्या समूहातून दुर्मीळ जनुकं गळण्याचा हिशोब हाच आहे.

पायथन असेल तर हे दोन मिनिटांत पाहता येईल:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
V, N, G, fresh = 5000, 50000, 10, 0.0
p0 = 1 / np.arange(1, V + 1)
p0 /= p0.sum()
p = p0.copy()
for g in range(1, G + 1):
    q = (1 - fresh) * p + fresh * p0
    p = rng.multinomial(N, q) / N
    print(g, (p > 0).sum())
```

५,००० शब्दांची भाषा, दर पिढीला ५०,००० शब्दांचा मजकूर. शब्दांची वारंवारता खऱ्या भाषेसारखी उतरती ठेवली आहे: पहिला शब्द भरपूर, शेवटचा साधारण एकदा. पहिल्या पिढीनंतर सुमारे ४,३५० शब्द उरतात, दहाव्यानंतर २,०५० च्या आसपास. `G` शंभर केलात तर साडेचारशेच्या घरात येतात. दहाव्या पिढीपर्यंत वरच्या शंभरेक शब्दांना मात्र फारसा धक्का लागलेला नसतो. म्हणूनच वाचताना मजकूर बराच काळ ठीक वाटत राहतो.

---

निळासावळा

मोजपट्टींचा हिशोब बरोबर आहे, पण भीती जरा जास्त घातली आहे. ‘नेचर’मध्ये जुलै २०२४ ला शुमायलोव आणि सहकाऱ्यांचा जो लेख आला त्यात दोन्ही प्रकार करून पाहिले होते. ओपीटी-१२५एम हे छोटं मॉडेल, विकिटेक्स्ट-२ चा मजकूर, आणि पिढ्यानपिढ्या मागच्याने लिहिलेल्यावर पुढच्याचं प्रशिक्षण. एका प्रकारात मूळ मजकूर पूर्ण काढून टाकला, तेव्हा मॉडेल घसरत गेलं. दुसऱ्यात दर पिढीला १० टक्के मूळ मजकूर ठेवला, तेव्हा घसरण किरकोळ राहिली.

तेव्हा १० टक्के माणसांचा मजकूर ठेवा, प्रश्न मिटला. अक्षरवेल यांच्याकडे १२ लाखांत २ लाख म्हणजे जवळपास १७ टक्के आहे. काळजीचं कारण नाही.

---

कोरा_कागद

माझं मत याच्या अगदी उलट. यंत्राने लिहिलेलं एकही वाक्य प्रशिक्षणात घेऊ नये. विहिरीत थोडंसं विष टाकलं तरी पाणी विषारीच. त्याच लेखात मध्ययुगीन चर्चच्या मनोऱ्यांबद्दलच्या मजकुराची नवव्या पिढीत रंगीबेरंगी शेपट्यांच्या सशांची यादी झाली होती. यापलीकडे आणखी काय पुरावा हवा?

---

मोजपट्टी

दोघांनाही उत्तर देतो, पण आधी निळासावळा यांना, कारण त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त फसवं आहे.

वरच्या कोडमध्ये `fresh = 0.1` करून चालवा. दहा पिढ्यांनंतर २,०५० ऐवजी सुमारे ३,२५० शब्द उरतात, आणि पुढे कितीही पिढ्या चालवल्या तरी आकडा ३,२०० च्या आसपास स्थिर राहतो. म्हणजे १० टक्के ताज्या मजकुराने घसरण थांबते हे खरं. गेलेला शब्द परत यायला वाट मिळते, शून्य हा शेवट राहत नाही. पण ती थांबते ५,००० वर नव्हे, ३,२०० वर. कुठल्याही एका पिढीकडे पाहिलं तर तिच्याकडे तिसरा हिस्सा शब्द नसतातच. ‘कोसळलं नाही’ आणि ‘काही हरवलं नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

शिवाय या कोडमध्ये मी मॉडेलला अगदी प्रामाणिक धरलं आहे. ते जे शिकलं तेच, त्याच प्रमाणात, ते लिहितं. प्रत्यक्षात कोणीच तसं लिहून घेत नाही. ‘नेचर’च्या त्या प्रयोगातही मजकूर पाच-पदरी बीम सर्चने लिहून घेतला होता, म्हणजे दर खेपेला जास्तीत जास्त संभाव्य वाट निवडणं. आणि अक्षरवेल ०.८ टेंपरेचर वापरणार आहेत. खरी कात्री तिथे आहे.

टेंपरेचर ०.८ ठेवलं की दोन पर्यायांच्या शक्यतांचं गुणोत्तर १.२५ व्या घातावर जातं. वाक्यात एकाच जागी बसू शकतील असे दोन शब्द घ्या. एक नेहमीचा, २ लाख वाक्यांत ५०० वेळा येणारा. दुसरा नेमका पण दुर्मीळ, ५ वेळा येणारा. गुणोत्तर १००:१. पहिल्या मॉडेलने लिहिताना ते ३१६:१ होतं. त्याच्याच मजकुरावर दुसरं मॉडेल शिकवून पुन्हा ०.८ ने लिहून घेतलं की १,३३४:१. तिसऱ्या खेपेला ८,००० च्या वर. इथे योगायोगाने शब्द गळण्याची वाटही पाहावी लागत नाही. सेटिंगच त्याला दर पिढीला खाली ढकलतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मूळ २ लाख सोबत ठेवले तर. हिशोब सोपा राहावा म्हणून नेहमीच्या शब्दाचं प्रमाण स्थिर धरू. १० लाख यंत्रलिखित वाक्यांत तो २,५०० वेळा येईल. दुर्मीळ शब्द प्रमाणात यायला हवा होता २५ वेळा, पण ३१६:१ मुळे येतो सुमारे ८ वेळा. त्यात मूळचे ५ मिळवले की १३. म्हणजे १२ लाखांत जिथे ३० असायला हवेत तिथे १३ आहेत. एकही मूळ वाक्य न काढता शब्दाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. दुसऱ्या पिढीला दिसतं ते गुणोत्तर सुमारे २३०:१. तीच रीत पुढे चालवली तर तिसरीला ३८५:१, चौथीला ४६५:१ च्या आसपास, आणि हळूहळू ते ४९५:१ च्या आसपास स्थिरावतं. त्याच्या खाली मात्र जात नाही, कारण मूळचे ५ कायम आहेत आणि यंत्राकडूनही दर खेपेला सुमारे एक येतोच. हा तुमचा तळ. मूळ वाक्यं ठेवल्याने तळ मिळाला, पण तो मूळ प्रमाणाच्या पाचव्या हिश्शावर आहे.

कोरा_कागद, विहिरीच्या उपमेने फसायला होतं. विष पाण्यात टिकून राहतं, पण इथला दोष मिसळण्याच्या प्रमाणाप्रमाणे आणि लिहून घेण्याच्या रीतीप्रमाणे बदलतो, आणि मोजता येतो. ससे आले त्या प्रकारात पिढ्यांची साखळी होती. यंत्राने लिहिलेला प्रोग्राम चाचण्यांमधून पार झाल्यावरच साठ्यात घेतला, तर त्या चाचण्यांनी बाहेरून नवी माहिती आणलेली असते. २०१७ चं अल्फागो झीरो माणसांचा एकही डाव न पाहता स्वतःशीच खेळून शिकलं, कारण कोण जिंकलं हे खेळाचे नियम ठरवत होते, मॉडेल नव्हे. मोकळ्या मजकुरावर असा परीक्षक नसतो. तिथे तुमची काळजी मला पटते.

---

अक्षरवेल

पाचवा हिस्सा हे वाचून बसलेच. म्हणजे आमचे पाच-सहा वेळा येणारे शब्द, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमके तेच जाणार.

मग टेंपरेचर १ ठेवलं तर? आणि `top_p` आम्ही ०.९५ ठेवलं आहे, त्याचं काय?

---

मोजपट्टी

`top_p` ०.९५ म्हणजे दर जागी शेवटच्या पाच टक्के शक्यतेतले सगळे शब्द सरळ बाद. टेंपरेचर शेपूट बारीक करतं, हे शेपूट कापतं. तुमचा पाच वेळा येणारा शब्द बऱ्याच जागी त्या पाच टक्क्यांतच असणार. दोन्ही एकत्र वापरलीत तर वरच्या गणितातले ८ सुद्धा आशावादी ठरतील.

टेंपरेचर १ आणि `top_p` १ ठेवलं तर शब्दांचं प्रमाण टिकतं, पण मॉडेल छोटं असेल तर बरीच वाक्यं फसतात. मग लोक गाळणी लावतात, आणि बहुतेक वेळा ती परप्लेक्सिटीची असते: जे वाक्य मॉडेलला अनपेक्षित वाटलं ते फेका. दुर्मीळ शब्द असलेलं चांगलं वाक्य आणि बिघडलेलं वाक्य, दोन्ही मॉडेलला सारखीच अनपेक्षित वाटतात. एका दाराने बंद केलेली कात्री दुसऱ्या दाराने परत येते. गाळायचंच असेल तर पुनरावृत्ती, अर्धवट वाक्यं, चुकीची अक्षरं असल्या ठोस खुणांवर गाळा. संभाव्यतेवर गाळू नका.

याहून महत्त्वाचं म्हणजे साखळीच करू नका. १० लाख वाक्यं हवी आहेत ना? ती सगळी पहिल्या मॉडेलकडूनच घ्या, जे फक्त माणसांच्या वाक्यांवर शिकलं आहे. नंतर आणखी हवी असतील तरी पुन्हा त्याच्याकडेच जा. मॉडेलची नक्कल शिकलेल्या मॉडेलकडून लिहून घ्यायचंच नाही. मग ०.८ ठेवलं तरी १० लाखांना गुणोत्तर २३०:१ वर थांबतं, फेऱ्यांनी पुढे सरकत नाही.

आणि माणसांची २ लाख वाक्यं मिश्रणात एकदा न घेता चारदा घ्या. २०२३ मध्ये मर्यादित डेटावर मॉडेल शिकवण्याबद्दल एक मोठा अभ्यास झाला, त्यात तोच मजकूर चार वेळांपर्यंत दाखवला तर तो जवळजवळ नव्या मजकुराइतकाच उपयोगी पडतो असं दिसलं होतं. त्यापुढे फायदा झपाट्याने कमी होतो. चारदा घेतलं की दुर्मीळ शब्द २० अधिक ८ म्हणजे २८, नेहमीचा २,००० अधिक २,५०० म्हणजे ४,५००. गुणोत्तर १६०:१. शंभरच्या बरंच जवळ.

---

निळासावळा

मोजपट्टी, मी चालवून पाहिलं, `fresh` ०.१ ला आकडा खरंच ३,२०० च्या आसपास अडकतो. मान्य. १० टक्के हा नियम म्हणून सांगायला नको होता.

तरी एक हरकत. तुमचं कोड शब्द मोजतं, मॉडेल शब्द मोजत नाही. टोकन सबवर्डचे असतात, शेवटचा थर सॉफ्टमॅक्स असतो, कुठल्याच शब्दाची शक्यता पूर्ण शून्य होत नाही. मग ‘शून्यावर गेला तो परत येत नाही’ हे खऱ्या मॉडेलला कसं लागू पडेल?

---

मोजपट्टी

रास्त हरकत आहे. शक्यता गणिती शून्य होत नाही हे खरं, आणि त्यामुळे खऱ्या मॉडेलमधली घसरण या कोडइतकी स्वच्छ दिसत नाही. पण मॉडेल त्या शब्दासाठी जी थोडी शक्यता राखून ठेवतं ती कुठल्याही न पाहिलेल्या अक्षरजुळणीसाठी ठेवतं तशीच असते. तो शब्द कुठे वापरायचा याचं ज्ञान उदाहरणांतून आलेलं असतं, आणि उदाहरणं संपली की ते जातं. मग शब्द आलाच तर भलत्या जागी येतो. म्हणून खऱ्या मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंनी बिघाड दिसतो: दुर्मीळ पण योग्य वाक्यं कमी होतात, आणि मूळ साठ्यात कधीच नसलेली विचित्र वाक्यं वाढतात. ससे त्या दुसऱ्या बाजूचे.

मोठ्या मॉडेलमध्ये किती शेपूट वाचतं आणि किती जातं, हे असं कागदावर सांगता येणार नाही. मोजावंच लागतं.

---

तिसरा_मजला

आमच्याकडे हेच झालंय, म्हणजे मॉडेल कोलॅप्स. आलेल्या तक्रारींचे ४० प्रकार ओळखायचे आहेत. एका प्रकाराची ६० च उदाहरणं होती. मॉडेलकडून त्यांची वेगवेगळ्या शब्दांत ६,००० रूपं करून घेतली. चाचणीत त्या प्रकाराची अचूकता एकदम वर गेली, प्रत्यक्ष वापरात मात्र आधीपेक्षा वाईट. किती टक्के ताजा डेटा मिसळावा?

---

मोजपट्टी

चाचणीचा संच कधी वेगळा काढला होता? रूपं करून घेण्याच्या आधी की नंतर?

---

तिसरा_मजला

नंतर. सगळे ६,०६० एकत्र करून त्यातले २० टक्के चाचणीला.

---

मोजपट्टी

मग हा कोलॅप्स नाही, इथे पिढी एकच आहे. हा चाचणीचा दोष आहे. एकाच मूळ तक्रारीची सरासरी शंभर रूपं, त्यातली ऐंशी शिकवायला आणि वीस परीक्षेला. मॉडेलने उत्तरपत्रिका आधीच पाहिलेली होती.

मूळ ६० मधली १५ आधी बाजूला काढा. त्यांची रूपं करू नका, त्यांना हात लावू नका. उरलेल्या ४५ ची रूपं करा आणि परीक्षा त्या १५ वर घ्या. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल. १५ वर एक-दोन उत्तरांनी टक्का खूप हलतो, तेव्हा छोट्या फरकावर निर्णय घेऊ नका.

प्रत्यक्ष वापरात आधीपेक्षा वाईट का झालं, याचं कारण मात्र या धाग्याशी जुळतं. ६,००० रूपं दिसायला ढीगभर असली तरी माहिती ६० तक्रारींचीच आहे. लोक ती तक्रार आणखी ज्या शंभर तऱ्हांनी मांडतात त्या त्यात नाहीत. मॉडेलला मात्र ६,००० पाहून वाटतं की हा प्रकार एवढाच असतो. ताजा डेटा किती टक्के, हा प्रश्न इथे लागू होत नाही. आणखी ६० खऱ्या तक्रारी मिळाल्या तर त्या या ६,००० हून जास्त कामाच्या ठरतील असा माझा अंदाज आहे.

---

अक्षरवेल

म्हणजे आम्हीही चाचणीची वाक्यं आत्ताच, पहिलं मॉडेल शिकवण्याआधी काढून ठेवायला हवीत. ५ टक्के म्हणजे १०,००० वाक्यं चालतील?

आणि त्यांवर परप्लेक्सिटी मोजली की बिघाड कळेल ना?

---

मोजपट्टी

१०,००० पुरेत. एकाच लेखकाची किंवा एकाच मजकुरातली वाक्यं दोन्हीकडे विभागली जाणार नाहीत एवढं पाहा.

पण नुसत्या सरासरी परप्लेक्सिटीवर विसंबू नका. समजा मजकुरातले ३ टक्के टोकन दुर्मीळ शब्दांचे आहेत. नव्या मॉडेलचा त्यांच्यावरचा लॉस १ ने वाढला, म्हणजे ते शब्द त्याला जवळपास पावणेतीन पट कमी संभाव्य वाटू लागले. ही मोठी पडझड आहे. पण त्याच वेळी उरलेल्या ९७ टक्क्यांवर लॉस ०.०३ ने सुधारला, कारण यंत्रलिखित मजकुराने नेहमीची वाक्यं घोटून घेतली. एकीकडे ०.०३ वाढ, दुसरीकडे ०.०२९ घट. सरासरी आकडा हलतच नाही.

म्हणून शब्दांचे तीन गट करा. माणसांच्या साठ्यात १०० हून जास्त वेळा येणारे, १० ते १०० वेळा येणारे, आणि १० हून कमी वेळा येणारे. गट एकदाच, मूळ साठ्यावरून ठरवा आणि नंतर बदलू नका. प्रत्येक पिढीत तिन्ही गटांचा लॉस वेगळा काढा. बिघाड आधी तिसऱ्या गटात दिसतो, मग दुसऱ्यात. पहिल्यात दिसेपर्यंत थांबलात तर बहुतेक सगळं संपलेलं असतं.

सोबत एक सोपी मोजणी: मॉडेलकडून १०,००० वाक्यं लिहून घ्या आणि त्यात वेगवेगळे तीन-शब्दी तुकडे किती येतात ते माणसांच्या १०,००० वाक्यांशी ताडून पाहा. शब्दसंख्या दोन्हीकडे सारखी करून घ्या, नाहीतर लांब वाक्यं लिहिणारं मॉडेल उगाच समृद्ध दिसेल.

---

रानवाट

इथे सगळा हिशोब ‘माणसांचा मजकूर’ खरोखर माणसांचा आहे असं धरून चालला आहे. गोळा करणाऱ्यांच्या बाजूने थोडं लिहिते.

पैसे देऊन लिहून घेतलेला मजकूर म्हणजे माणसाने लिहिलेला, असं आता धरता येत नाही. २०२३ मध्ये लोझानच्या संशोधकांनी मेकॅनिकल टर्क या ऑनलाइन छोटी कामं करून घेण्याच्या मंचावर सारांश लिहिण्याचं काम दिलं आणि कळा दाबल्याच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या अंदाजाने ३३ ते ४६ टक्के कामगारांनी भाषा-मॉडेल वापरलं होतं. काम छोटं होतं, चव्वेचाळीस जणांचं, त्यामुळे आकडा सगळीकडे लावू नये. पण कामाचा प्रकार पाहा: मजकूर वाचून मजकूर लिहा. नक्कल करून चिकटवायला याहून सोपं काम नाही.

तयार मजकूर तपासून ओळखू म्हटलं तर तेही भरवशाचं नाही. ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये कमी अचूकतेमुळे मागे घेतलं. त्यात साध्या, ठरावीक भाषेत लिहिणारी माणसंच जास्त पकडली जातात, आणि त्यांना गाळलं की साठ्यातून आणखी एक प्रकारची माणसं गेली.

त्यापेक्षा लिहिण्याची क्रिया नोंदवणं बरं. लिहिण्याच्या चौकटीत चिकटवण्याची सोय बंद ठेवा. मजकुरासोबत वेळेच्या नोंदी ठेवा: माणूस थांबतो, खोडतो, मागे जाऊन शब्द बदलतो. दुसऱ्या पडद्यावरून पाहून टाइप करणाऱ्याची लय सपाट असते, जवळजवळ खाडाखोड नसते. सर्वांत उपयोगी पडतं ते बोलून घेणं. समोरासमोर प्रश्न विचारा, ध्वनिमुद्रण करा, माणसाकडून उतरवून घ्या. बोलीतले शब्द, अर्धवट सोडलेली वाक्यं, जी लिहिताना लोक स्वतःच गाळतात, ती यात मिळतात. आणि दुर्मीळ शब्द हवे असतील तर ते ज्यांच्या रोजच्या वापरात आहेत त्यांच्याकडेच जावं लागतं. आणखी हजार सर्वसाधारण वाक्यांनी ते येणार नाहीत.

---

निळासावळा

मग सोपा मार्ग आहे. नोव्हेंबर २०२२ च्या आधीचा मजकूर घ्या. चॅटजीपीटी यायच्या आधीचं सगळं शुद्ध.

---

रानवाट

जुनी तारीख ही चांगली खूण आहे, पण तिच्याने सगळं भागत नाही. आधीच्या वेबवरही यंत्राने भाषांतरित केलेली पानं भरपूर होती. ज्या भाषांत मुळात मजकूर थोडा आहे तिथे त्यांचं प्रमाण जास्त, कारण एकच पान यंत्राने दहा-वीस भाषांत ओतलेलं असतं. कमी मजकुराच्या भाषेत काम करत असाल तर तारखेआधीचा साठाही तपासून घ्या.

दुसरं म्हणजे भाषा तिथे थांबलेली नाही. `wordfreq` नावाचा शब्दवारंवारतेचा संग्रह बरेच जण वापरायचे. त्याच्या कर्त्या रॉबिन स्पीअर यांनी २०२४ मध्ये तो पुढे अद्ययावत करणार नाही असं जाहीर केलं, कारण २०२१ नंतरच्या वेबवरून माणसं शब्द कसे वापरतात हे विश्वासाने मोजता येत नाही. त्यामुळे २०२१ पर्यंतचं चित्र हाती आहे, पुढचं त्या वाटेने मिळणार नाही. नवा शब्द, जुन्या शब्दाचा नवा अर्थ, नवी घटना यातलं काहीच जुना साठा चारदा वाचून मिळत नाही.

---

कोरा_कागद

म्हणजे शेवटी मुद्दा माझाच. वेब भरत चाललंय, प्रत्येक नवं मॉडेल त्यावरच शिकणार, सगळीच एक दिवस कोसळणार.

---

मोजपट्टी

यावर तज्ज्ञांत एकमत नाही, आणि मतभेद कुठे आहे ते पाहण्यासारखं आहे. २०२४ मध्ये गेर्स्टग्रासर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दर पिढीला जुना डेटा टाकून दिला तर रेषीय प्रतिगमनाच्या सोप्या उदाहरणात चूक पिढ्यांच्या संख्येप्रमाणे वाढत जाते. पण जुना सगळा ठेवून नवा त्यात भर म्हणून घातला, तर चूक एका मर्यादेपलीकडे जात नाही. ती मर्यादा पहिल्या पिढीच्या चुकीच्या π²/६ पट, म्हणजे सुमारे १.६४ पट. वेबवरचा जुना मजकूर पुसला जात नाही, भर पडते, तेव्हा कोसळण्याची भाकितं अवास्तव आहेत असं त्यांचं म्हणणं.

त्याच वर्षी दोहमातोब, फेंग, केम्पे यांच्या गटाने उलट बाजू मांडली. मिश्रणात यंत्रलिखित भाग अगदी थोडा, हजारात एक इतका असला तरी डेटा वाढवून होणारी सुधारणा एका टप्प्यावर अडकू शकते. इथे मॉडेल बिघडत नाही, फक्त सुधारायचं थांबतं. ‘कोलॅप्स’ हा शब्द दोघे वेगवेगळ्या अर्थाने वापरतात, हे वादाचं एक कारण.

मला वाटतं पहिल्या निकालात एक अट दडली आहे. सगळं साठवायचं म्हणजे दर पिढीला साठा वाढणार आणि प्रशिक्षणाचा खर्चही. खर्च ठरलेला असेल तर वाढत्या ढिगातून नमुना काढावा लागतो, आणि त्यात माणसांचा वाटा दर पिढीला घटतो. पाचव्या पिढीत पाचवा, दहाव्यात दहावा. अशा वेळी कोण काय वजन देतं त्यावर सगळं अवलंबून राहील.

---

अक्षरवेल

सगळ्यांचे आभार. योजना बदलते आहे ती अशी. आधी १०,००० वाक्यं बाजूला. उरलेल्या १,९०,००० वर पहिलं मॉडेल, आणि यंत्रलिखित वाक्यं फक्त त्याच्याकडून, टेंपरेचर १, `top_p` १, गाळणी फक्त ठोस खुणांची. मिश्रणात माणसांची वाक्यं चारदा. चार-पाच फेऱ्या रद्द. प्रत्येक वाक्याला ‘माणूस’ की ‘यंत्र’, तारीख, आणि यंत्र असेल तर कुठलं मॉडेल व कुठली सेटिंग, एवढी नोंद कायम चिकटवून ठेवू.

फेऱ्या रद्द झाल्याने वाचलेला वेळ बोलून घेण्याच्या कामाला लावता येईल. रानवाट, एका तासाच्या ध्वनिमुद्रणातून साधारण किती वाक्यं वापरण्याजोगी निघतात?

---

रानवाट

सलग बोलणारा माणूस तासाला सात-आठ हजार शब्द बोलतो. वाक्य दहा-बारा शब्दांचं धरलं आणि प्रश्न, पुनरुक्ती, न कळलेले तुकडे वजा केले तर चारशे ते सहाशे वाक्यं धरून चाला. उतरवायला एका तासाला चार ते सहा तास लागतात, त्या बजेटमध्ये आधीच मांडा. उतरवणाऱ्याला एक सूचना लेखी द्या: वाक्य ‘सुधारायचं’ नाही. नाहीतर जे गोळा करायला गेलात ते तिथेच प्रमाणभाषेत सपाट होऊन येईल.

---

तिसरा_मजला

१५ वेगळ्या काढून पुन्हा चालवलं. चाचणीचा आकडा खाली आला, आणि प्रत्यक्ष वापरातल्या आकड्याशी आता जवळपास जुळतो. पण ६,००० रूपांऐवजी ४५ ची प्रत्येकी पाचच रूपं घेतली तर निकाल थोडा बरा येतोय. पाच का, वीस का नाही, याचं काही गणित आहे का?

---

मोजपट्टी

माझ्याकडे तयार गणित नाही. ०, २, ५, १०, २० अशी प्रत्येक संख्येवर पाच-पाच वेळा, वेगळ्या सीडने चालवा आणि त्या १५ वरचे आकडे इथे टाका. दर वेळी १५ वेगळ्या निवडल्या तर आणखी बरं. मग बोलू.